अवशिष्ट प्रतिमा (एलसीडी पडदा)

अवशिष्ट प्रतिमा म्हणजे एलसीडी पडद्यावर बराच काळ स्थिर राहिलेल्या दृश्याची, ते दृश्य बदलल्यानंतरही काही काळ दिसत राहणारी फिकट छाया होय. संगणकाच्या पडद्यावरील कार्यपट्टी, दूरचित्रवाणी वाहिनीचे बोधचिन्ह, तक्त्यांच्या रेषा किंवा फलकावरील न बदलणारा मजकूर यांच्या अशा छाया सर्वाधिक आढळतात. ही छाया बहुधा तात्पुरती असते आणि काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंतच्या काळात आपोआप विरून जाते.

बाह्यतः अशीच दिसणारी, परंतु न जाणारी खूण बर्न-इन या नावाने ओळखली जाते. जुन्या काचनळीच्या (सीआरटी) पडद्यांत, प्लाझ्मा पडद्यांत आणि ओएलईडी पडद्यांत प्रकाश देणारा पदार्थ झिजल्यामुळे ती निर्माण होते. एलसीडीतील अवशिष्ट प्रतिमा मात्र मुख्यतः विद्युतभार साचल्यामुळे निर्माण होते. साचलेला भार पुन्हा विखुरता येतो, झिजलेला पदार्थ पूर्ववत करता येत नाही. दोन्ही दोषांवरील उपाय या भेदामुळेच वेगळे ठरतात. एका प्रकारच्या पडद्यास उपकारक असणारा उपाय दुसऱ्या प्रकारच्या पडद्याची हानी करू शकतो.

## संज्ञा

अवशिष्ट प्रतिमेस बोलीभाषेत ‘घोस्ट’ किंवा ‘भुताची प्रतिमा’ असे म्हटले जाते. तथापि ‘घोस्टिंग’ हा शब्द आणखी एका दोषासाठी रूढ आहे. वेगाने सरकणाऱ्या वस्तूमागे दिसणारी शेपटी, म्हणजे पिक्सेलच्या संथ प्रतिसादामुळे पडणारा माग, यासही घोस्टिंग म्हणतात. असा माग सेकंदाच्या अल्पांशात नाहीसा होतो आणि त्याचा दृश्य किती वेळ स्थिर होते याच्याशी संबंध नसतो. एकाच रंगात अडकलेला सुटा पिक्सेल हाही निराळा दोष आहे. अवशिष्ट प्रतिमेत मूळ दृश्याचा आकार ओळखू येतो, हे तिचे मुख्य लक्षण होय.

## एलसीडी पिक्सेलची कार्यपद्धती

एलसीडी पडद्यातील पिक्सेल स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. प्रकाश पडद्यामागील दिव्यांकडून, म्हणजे बॅकलाइटकडून येतो. पिक्सेल केवळ तो प्रकाश कमी-अधिक प्रमाणात पुढे जाऊ देतो. दोन काचांच्या मध्ये काही मायक्रोमीटर जाडीच्या पोकळीत द्रव स्फटिक भरलेला असतो. काचांच्या आतील बाजूंस पॉलिइमाइड या पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. द्रव स्फटिकाचे लांबट रेणू कोणत्या दिशेने स्थिरावतील हे हा थर ठरवतो, म्हणून त्यास दिशादर्शक थर म्हणता येईल. काचांच्या बाहेरील बाजूंस ध्रुवक पटले चिकटवलेली असतात.

पिक्सेलला विद्युतदाब दिला की रेणू आपल्या मूळ दिशेपासून वळतात. त्यामुळे त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते आणि समोरच्या ध्रुवकातून कमी किंवा अधिक प्रकाश बाहेर पडतो. आयपीएस प्रकारच्या पडद्यात दाब नसताना पिक्सेल काळा असतो आणि पूर्ण दाबाला पांढरा होतो. टीएन प्रकारच्या नेहमीच्या पडद्यात हे उलट असते.

रेणू वळण्यासाठी दाब धन आहे की ऋण याने फरक पडत नाही. केवळ त्याचे परिमाण महत्त्वाचे असते. +३ व्होल्ट आणि −३ व्होल्ट यांनी पिक्सेलची सारखीच उजळता मिळते. या गुणधर्माचा उपयोग करून प्रत्येक नव्या चित्रचौकटीत (फ्रेममध्ये) पिक्सेलवरील दाबाची ध्रुवता उलटवली जाते. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर स्थिर पांढरा चौकोन दिसत असताना त्यातील पिक्सेलला एका चौकटीत धन, पुढच्या चौकटीत ऋण असा दाब आळीपाळीने मिळत असतो. डोळ्यांना स्थिर दिसणारे दृश्य विद्युतदृष्ट्या प्रत्यावर्ती असते. हा दाब पडद्यातील सामाईक इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजला जातो.

ही व्यवस्था शोभेची नाही. द्रव स्फटिकावर एकाच दिशेचा, म्हणजे दिष्ट दाब सतत ठेवला तर त्यातील अशुद्धी इलेक्ट्रोडांकडे ओढल्या जातात आणि कालांतराने पदार्थाचे विद्युत-रासायनिक विघटनही होऊ शकते. धन आणि ऋण चौकटींची बेरीज शून्य ठेवणे हा एलसीडी चालवण्याचा मूलभूत नियम आहे.

## कारण

हा नियम व्यवहारात पूर्णपणे पाळला जात नाही. प्रत्येक पिक्सेलला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर दाब पुरवतो. हा ट्रान्झिस्टर बंद होताना पिक्सेलवरील दाब किंचित घसरतो. घसरण धन आणि ऋण अशा दोन्ही चौकटींत एकाच दिशेने होत असल्यामुळे समतोल बिघडतो. तो सावरण्यासाठी सामाईक इलेक्ट्रोडचा दाब कारखान्यात तेवढाच सरकवून ठेवलेला असतो. परंतु घसरण किती होईल हे पिक्सेलच्या विद्युत धारकतेवर अवलंबून असते आणि रेणू वळले की धारकताही बदलते. परिणामी पांढऱ्या पिक्सेलची घसरण काळ्या पिक्सेलच्या घसरणीइतकी नसते. संपूर्ण पडद्यासाठी एकच सामाईक दाब असल्यामुळे तो प्रत्येक उजळतेला तंतोतंत जुळत नाही. काही पिक्सेलांवर लहानसा दिष्ट दाब उरतो.

दृश्य सतत बदलत असेल तर हा उरलेला दाबही बदलत राहतो आणि त्याचा परिणाम साठत नाही. दृश्य तासन्‌तास स्थिर राहिले तर मात्र त्याच पिक्सेलांवर तोच दाब टिकून राहतो. द्रव स्फटिकात अत्यल्प प्रमाणात आयन असतातच. काही मूळ पदार्थाबरोबर आलेले असतात, तर काही दिशादर्शक थरातून किंवा पडद्याच्या कडेच्या चिकटद्रव्यातून झिरपलेले असतात. धन आयन एका पृष्ठभागाकडे, ऋण आयन दुसऱ्या पृष्ठभागाकडे हळूहळू सरकतात आणि दिशादर्शक थरांवर साचतात. आता दृश्य बदलले तरी साचलेले आयन लगेच परतत नाहीत. त्यांच्यामुळे पिक्सेलच्या आत एक लहानसा स्वतंत्र दाब कायम राहतो. यास अवशिष्ट दिष्ट दाब म्हणतात.

त्याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, मध्यम करडा रंग दाखवण्यासाठी पिक्सेलला +२ आणि −२ व्होल्ट असा दाब दिला जात आहे आणि पिक्सेलमध्ये ०.१ व्होल्ट अवशिष्ट दाब आहे. मग द्रव स्फटिकाला प्रत्यक्षात +२.१ आणि −१.९ व्होल्ट मिळतात. धन चौकटीत पिक्सेल अपेक्षेपेक्षा थोडा निराळा आणि ऋण चौकटीत दुसऱ्या बाजूने निराळा दिसतो. दाब आणि उजळता यांचा आलेख सरळ रेषेत नसल्यामुळे हे दोन फरक एकमेकांना पूर्णपणे खोडत नाहीत. सरासरी उजळता शेजारच्या निर्दोष पिक्सेलपेक्षा किंचित वेगळी राहते आणि ज्या आकारात आयन साचले त्या आकाराची छाया दिसू लागते.

या उदाहरणातून आणखी दोन निरीक्षणांचा उलगडा होतो. पहिले असे की छाया मध्यम करड्या पार्श्वभूमीवर सर्वांत ठळक दिसते आणि शुद्ध काळ्या किंवा शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ लोपते. मध्यम करड्यापाशी आलेख सर्वांत चढा असल्यामुळे तेथे दाबातील अल्प फरकही उजळतेत उमटतो. दुसरे असे की छायेचा भाग काही वेळा सूक्ष्म थरथरताना दिसतो. धन आणि ऋण चौकटींची उजळता सारखी न राहिल्यामुळे ६० हर्ट्झच्या पडद्यावर ३० हर्ट्झची लुकलुक निर्माण होते.

आयनांची हालचाल तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे उन्हात किंवा बंदिस्त पेटीत बसवलेल्या पडद्यांवर छाया लवकर उमटते. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या पडद्यांसाठी आयन सहज न सामावणारे, फ्लोरिनयुक्त द्रव स्फटिक वापरात आले. पूर्वीच्या सायनोयुक्त द्रव स्फटिकांत आयन अधिक सहजतेने राहत असत.

## बर्न-इनशी तुलना

काचनळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने चमकणाऱ्या फॉस्फरचा थर असे. एकाच जागी तोच मजकूर महिनोन्‌महिने दाखवला तर तेथील फॉस्फर इतरांपेक्षा अधिक झिजे आणि पडदा बंद असतानाही अक्षरे दिसत. प्लाझ्मा पडद्यातही फॉस्फरच असल्याने हीच झीज होई. ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेलमधील सेंद्रिय पदार्थ स्वतः प्रकाश देतो आणि वापरानुसार क्षीण होतो. त्यातही निळा प्रकाश देणारे पदार्थ सामान्यतः सर्वांत लवकर क्षीण होतात.

एलसीडी पिक्सेल प्रकाश देतच नसल्यामुळे या अर्थाने तो जळू शकत नाही. बॅकलाइट जुना झाला तर पडद्याचा मोठा भाग एकत्रच मंद होतो, त्यात अक्षरांचे आकार उमटत नाहीत. तरीही एलसीडीवर न जाणारी छाया राहू शकते. दीर्घकाळ एकाच दिशेने वळवून ठेवलेल्या रेणूंमुळे दिशादर्शक थरावरील त्यांच्या स्थिरावण्याची दिशाच किंचित बदलते. पडद्याच्या पातळीतच रेणू फिरवणाऱ्या आयपीएस रचनेत हा परिणाम विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे दिष्ट दाबाची गरज नसते, समतोल प्रत्यावर्ती दाबानेही तो घडतो. याखेरीज दिष्ट दाबाने द्रव स्फटिकाचे विघटन झाले असेल तर तोही बदल परत फिरवता येत नाही.

| बाब | एलसीडीतील तात्पुरती छाया | एलसीडीतील कायमची छाया | ओएलईडीतील बर्न-इन |
|---|---|---|---|
| मूळ कारण | साचलेले आयन | दिशादर्शक थर किंवा द्रव स्फटिक यांतील बदल | प्रकाशदायी पदार्थाची झीज |
| काळानुसार वर्तन | कमी होत जाते | स्थिर राहते | स्थिर राहते किंवा वाढते |
| विश्रांतीचा उपयोग | होतो | नगण्य | होत नाही |
| पूर्ण पांढरे दृश्य तासन्‌तास ठेवल्यास | छाया विरण्यास मदत | विशेष फरक नाही | आणखी झीज |

तक्त्यातील शेवटची ओळ व्यवहारात सर्वांत महत्त्वाची आहे. पांढरे दृश्य तासन्‌तास ठेवणे हा एलसीडीसाठी सांगितलेला उपाय ओएलईडी पडद्याच्या मोबाइलवर केल्यास त्याच्या सर्व पिक्सेलांचे आयुष्य विनाकारण खर्ची पडते. ओएलईडी संचांत असणारी ‘पिक्सेल रिफ्रेश’सारखी सुविधाही झीज भरून काढत नाही. ती पिक्सेलांमधील फरक मोजून त्यांना मिळणारा प्रवाह जुळवून घेते.

## उदाहरण: एकाआड एक काळी चौकट

दिष्ट दाब हेच कारण असल्याचे एका विशिष्ट प्रसंगात अगदी थोड्या वेळात दिसून येते. जलद हालचाली अधिक स्पष्ट दिसाव्यात म्हणून काही खेळ व जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणारी सॉफ्टवेअर प्रत्येक दृश्यचौकटीनंतर एक पूर्ण काळी चौकट घालतात. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० चौकटी दृश्याच्या आणि ६० काळ्या होतात. आयपीएस पडद्यावरील एका पांढऱ्या पिक्सेलचा विचार करू. पांढऱ्यासाठी ५ व्होल्ट आणि काळ्यासाठी शून्य व्होल्ट असे सोयीसाठी मानू.

| चौकट | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| ध्रुवता | + | − | + | − | + | − |
| दृश्य (१२० हर्ट्झ) | पांढरे | काळे | पांढरे | काळे | पांढरे | काळे |
| दाब (व्होल्ट) | +५ | ० | +५ | ० | +५ | ० |
| दृश्य (१८० हर्ट्झ) | पांढरे | काळे | काळे | पांढरे | काळे | काळे |
| दाब (व्होल्ट) | +५ | ० | ० | −५ | ० | ० |

पहिल्या प्रकारात पांढरे दृश्य नेहमी धन चौकटीतच येते आणि ऋण चौकट नेहमी काळी असते. सहा चौकटींच्या दाबांची बेरीज +१५ व्होल्ट, म्हणजे सरासरी +२.५ व्होल्ट येते. हा दाब सामान्य वापरात उरणाऱ्या किंचित दाबाच्या तुलनेत फारच मोठा आहे. त्यामुळे अशा वापरात खेळाच्या दृश्यातील स्थिर भागांची छाया थोड्याच वेळात उमटू शकते. दुसऱ्या प्रकारात पडदा १८० हर्ट्झवर चालवून एका दृश्यचौकटीनंतर दोन काळ्या चौकटी घातल्या आहेत. आता पांढरे दृश्य एकदा धन आणि एकदा ऋण चौकटीत येते आणि बेरीज शून्य होते. दृश्यचौकट आणि तिच्यानंतरच्या काळ्या चौकटी मिळून एकूण संख्या विषम असेल तर समतोल राखला जातो, सम असेल तर बिघडतो. १२० हर्ट्झचाच पडदा वापरायचा असल्यास काही सॉफ्टवेअर ठरावीक काळाने दृश्य आणि काळी चौकट यांचा क्रम अदलाबदल करतात.

काळ्या चौकटींऐवजी बॅकलाइटच क्षणोक्षणी विझवणाऱ्या पडद्यांवर हा दोष येत नाही, कारण तेथे पिक्सेलवरील दाबाचा क्रम बदलत नाही.

## ओळख

छाया दिसल्यावर ती पडद्यातच आहे याची खात्री प्रथम करावी लागते. त्यासाठी स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या उपकरणावर पाहतात. त्यात छाया दिसली तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा चित्रफलकाचा आहे, पडद्याचा नाही. त्यानंतर संपूर्ण पडदाभर मध्यम करडा रंग दाखवतात. पुढील ओळ `gray.html` या नावाने जतन करून ब्राउझरमध्ये उघडल्यास आणि `F11` दाबून ब्राउझर पडदाभर केल्यास असे दृश्य मिळते.

```
<body style="margin:0;background:rgb(128,128,128)">
```

करड्या पडद्यावर दिसणारा आकार ओळखीचा असेल, उदाहरणार्थ खालच्या कडेला कार्यपट्टीची सरळ पट्टी किंवा तक्त्याच्या चौकटी, तर ती अवशिष्ट प्रतिमा होय. कडेला पसरलेले अनियमित ढगासारखे डाग बॅकलाइट किंवा काचेवरील ताण यांमुळे पडतात. बोटाच्या दाबामुळे उमटलेला उजळ ठिपका हाही निराळा प्रकार आहे. त्यांच्यावर खालील उपायांचा परिणाम होत नाही.

छाया तात्पुरती की कायमची हे एका पाहणीतून ठरत नाही, ती कमी होते का हे पाहावे लागते. डोळ्यांना छायेची सवय होत असल्याने आठवणीवर विसंबणे योग्य नसते. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा एका जागी ठेवून, एक्स्पोजर स्वयंचलित न ठेवता ठरावीक ठेवून, ठरावीक अंतराने करड्या पडद्याची छायाचित्रे घेतल्यास तुलना विश्वसनीय होते. शटरचा वेग १/१५ सेकंद किंवा त्याहून संथ ठेवला तर एकाच छायाचित्रात अनेक चौकटी सामावतात आणि लुकलुकीमुळे होणारी फसगत टळते.

## निवारण

तात्पुरत्या छायेवरील उपायांचा हेतू एकच असतो. ज्या दाबाने आयन साचले तो काढून घेणे आणि आयनांना परत विखुरण्यास वेळ देणे. प्रथम स्थिर दृश्य हटवले जाते. ते हटवले नाही तर पुढील कोणताही उपाय टिकत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पडदा बंद ठेवणे. एनईसीसारख्या उत्पादकांच्या पुस्तिकांत यासाठी सोपे प्रमाण दिलेले आढळते. दृश्य जितका वेळ स्थिर होते तितकाच वेळ पडदा बंद ठेवावा, म्हणजे एक तासाच्या दृश्यासाठी एक तास. हे प्रमाण अंदाजाचे आहे. दिवसचे दिवस साचलेल्या छायेला अधिक वेळ लागू शकतो.

दुसरा उपाय म्हणजे पडदाभर एकच पांढरा रंग किंवा संथपणे बदलत राहणारी दृश्ये दाखवणे. येथे पांढऱ्या रंगात आयन ‘धुऊन काढण्याची’ काही खास शक्ती नसते. छायेतील आणि छायेबाहेरील सर्व पिक्सेलांना सारखीच वागणूक मिळते आणि त्यांच्यातील फरक हळूहळू मिटतो, हा त्यामागील हेतू आहे. काही मॉनिटरांच्या मेनूत ही सुविधा अंतर्भूत असते. डेल कंपनीच्या मॉनिटरांवर ती `LCD Conditioning` या नावाने आढळते.

मूळ दृश्याची उलट प्रत दाखवण्याचा सल्लाही दिला जातो. काळ्याच्या जागी पांढरे आणि पांढऱ्याच्या जागी काळे दाखवल्यास आयन उलट दिशेने ओढले जातील, असा त्यामागे समज असतो. तो बरोबर नाही. उजळता उलटवली तरी दाबाची ध्रुवता पूर्वीप्रमाणे चौकटीगणिक बदलतच राहते. उलट प्रतीमुळे उरलेल्या पिक्सेलांवरही तसाच ताण येतो आणि फरक कमी झाल्यासारखा दिसतो. ती अधिक वेळ ठेवल्यास उलट्या रंगांची नवी छाया उमटू शकते.

अतिवेगाने काळे-पांढरे लुकलुकणारे दृश्य या दोषावर वापरू नये. ते चौकटीगणिक बदलत असेल तर वरील उदाहरणातील १२० हर्ट्झच्या प्रकाराप्रमाणे पिक्सेलला एकाच ध्रुवतेचा दाब मिळून छाया वाढू शकते. शिवाय अशी लुकलुक प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तींना धोकादायक असते. पडदा बोटाने दाबणे किंवा चोळणे यांनी आयन विखुरत नाहीत, पोकळीची जाडी राखणाऱ्या आतील आधारांना मात्र इजा होऊ शकते.

### एका प्रसंगाचा क्रम

समजा, एका कार्यालयातील २४ इंची, ६० हर्ट्झच्या आयपीएस मॉनिटरवर एकच तक्ता सकाळी ९ ते सायंकाळी ७ असा दहा तास उघडा राहिला आणि तो बंद केल्यावर करड्या पार्श्वभूमीवर त्याच्या रेषा दिसू लागल्या. स्क्रीनशॉटमध्ये रेषा नाहीत, म्हणजे दोष पडद्यात आहे. सायंकाळी ७ वाजता करड्या पडद्याचे पहिले छायाचित्र घेतले जाते. त्यानंतर अर्धा तास पडदाभर पांढरे दृश्य ठेवून दुसरे छायाचित्र घेतले जाते. दोन्हींत रेषा स्पष्ट असल्या तरी दुसऱ्यात त्या फिकट असतील तर निदान पुरेसे झाले, कारण झिजलेला पदार्थ अर्ध्या तासात सुधारत नाही. मॉनिटर रात्रभर, म्हणजे सकाळी ९ पर्यंत सुमारे साडेतेरा तास बंद ठेवला जातो. हा काळ दृश्याच्या दहा तासांपेक्षा अधिक आहे.

सकाळी पडदा अर्धा तास तापू देऊन तिसरे छायाचित्र घ्यावे लागते, कारण थंड आणि तापलेल्या पडद्यांची तुलना फसवी ठरते. छाया गेली असेल तर फक्त वापराची सवय बदलणे उरते. ती फिकट झाली पण उरली असेल तर बदलत्या दृश्यांसह नेहमीचा वापर चालू ठेवून रात्रीची विश्रांती काही दिवस पुन्हा दिली जाते. तिन्ही छायाचित्रे सारखीच असतील आणि आठवडाभरानेही त्यांत फरक पडला नसेल, तर ती छाया दिशादर्शक थरातील कायमच्या बदलाची समजावी. तिच्यावर वापरकर्त्याच्या पातळीवर उपाय नाही. हमी चालू असल्यास हीच छायाचित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

एखाद्या पडद्यावर काही मिनिटांच्या स्थिर दृश्यानेही वारंवार छाया उमटत असेल आणि करड्या पार्श्वभूमीवर संपूर्ण पडदा लुकलुकत असेल, तर सामाईक इलेक्ट्रोडचा दाब चुकीचा बसवलेला असण्याची शक्यता असते. दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ लुकलुक किमान होईपर्यंत हा दाब जुळवतात. अशा पडद्यावर केवळ विश्रांतीचा उपाय तात्पुरताच ठरतो.

## प्रतिबंध

पडदा वापरात नसताना बंद होणे हा प्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. विंडोज प्रणालीत पुढील आज्ञेने वीजजोडणीवर असताना १० मिनिटांनी पडदा बंद होतो.

```
powercfg /change monitor-timeout-ac 10
```

लिनक्सवरील एक्स११ प्रणालीत हेच काम पुढील आज्ञेने होते. येथे वेळ सेकंदांत द्यावा लागतो.

```
xset dpms 0 0 600
```

व्हिडिओ पाहण्याची किंवा दूरस्थ बैठकांची सॉफ्टवेअर ही व्यवस्था तात्पुरती रोखून धरतात. त्यामुळे बैठकीची खिडकी उघडी राहिल्यास पडदा रात्रभर चालू राहू शकतो.

स्क्रीनसेव्हर वापरल्यास त्यातील दृश्य हलते असणे आवश्यक असते. मध्यभागी स्थिर बोधचिन्ह असणारा स्क्रीनसेव्हर त्या बोधचिन्हाचीच छाया उमटवू शकतो. जे फलक बंद ठेवता येत नाहीत, त्यांवर मजकुराची जागा आणि अक्षर व पार्श्वभूमी यांचे रंग ठरावीक काळाने बदलतात.

मॉनिटरची उजळता कमी करण्याचा उपयोग मर्यादित असतो. एलसीडीत उजळतेचे नियंत्रण बहुधा बॅकलाइट मंद करते. त्यामुळे पडदा कमी तापतो, परंतु पिक्सेलांवरील दाब आहे तसाच राहतो. ओएलईडीत मात्र उजळता कमी करणे म्हणजे प्रकाशदायी पदार्थातून जाणारा प्रवाह कमी करणे असल्यामुळे तेथे या उपायाने झीज प्रत्यक्ष कमी होते.